‘सगळ्या लसी झालेली’ पिल्लं घेतली आणि ८०० पैकी ३०३ सात दिवसांत मेली

हे लिहायला महिना लावला, कारण घरच्यांनाही पूर्ण आकडा सांगितला नव्हता. आता सांगतो. ६५,९५० रुपये मी स्वतःच्या हाताने एका पिल्लांच्या व्यापाऱ्याला दिले. पिल्लांचे ५७,६००, टेम्पोचे ३,५००, आणि मरतूक सुरू झाल्यावर त्यानेच पाठवलेल्या औषधांचे ४,८५०. खाद्य, तूस, गॅसची शेगडी आणि माझे दिवस यात धरलेले नाहीत.

सौदा कसा झाला ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीचं वाटेल. एक दिवसाचं कावेरी पिल्लू ३० रुपयांना मिळत होतं. हा २१ दिवसांचं ७२ ला देत होता. ब्रूडिंगची, म्हणजे पिल्लं उबेत वाढवायची कटकट नाही, सगळ्या लसी झालेल्या, वर लसीकरणाचं कार्ड. शेड नवीन बांधलेलं, ब्रूडिंगचा अनुभव नाही, म्हणून वरचे ४२ रुपये मी लसीसाठी आणि त्या तीन आठवड्यांच्या जोखमीसाठी मोजले. यात माझं काय चुकलं, ते मला अजूनही कळत नाही. तयार पिल्लं घेणं हा काही हावरटपणा नाही.

चुकलं ते पुढे. ९ जूनला संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. १०,००० आगाऊ दिलेले होते, टेम्पो क्रेट भरून उभा होता. कार्ड हातात घेतलं तर त्यावर लिहिलेलं: पहिला दिवस मरेक्स, पाचवा दिवस लासोटा आणि गंबोरो, चौदावा दिवस लासोटा. बॅच नंबरचा रकाना रिकामा. मी विचारलं, ‘‘गंबोरो पाचव्या दिवशी? आणि बूस्टर?’’ तो म्हणाला, ‘‘दादा, आमच्या पिल्लांना एकातच भागतं.’’ मी म्हटलं व्हायल तरी दाखवा. त्याने कोपऱ्यातल्या बादलीत हात घातला आणि एक रिकामी बाटली पुढे केली. बादलीतलं पाणी कोमट होतं. बाटलीवर लासोटा लिहिलेलं होतं.

लासोटा राणीखेतची लस आहे आणि गंबोरो हा वेगळाच विषाणूचा रोग आहे, हे मला माहीत होतं. घरच्या पन्नास कोंबड्यांना मी स्वतः ती डोळ्यात टाकलेली आहे. मी त्याच्याकडे बघितलं, तो म्हणाला, ‘‘यातच दोन्ही येतं,’’ आणि मी गप्प बसलो. ड्रायव्हर घाई करत होता, आगाऊ अडकलेले होते, अंधार पडत होता. ती बाटली माझ्या तळहातावर होती आणि मी ती परत बादलीत टाकली. रात्री झोप लागत नाही ती या एका गोष्टीमुळे.

पाचव्या दिवसाचा घोटाळा काय, तो नीट समजून घ्या, कारण खरी लस दिली असती तरीही तो दिवस चुकीचाच होता. पिल्लाला अंड्याच्या बलकातून आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती साधारण दर तीन-चार दिवसांनी निम्मी होत जाते. पहिल्या आठवड्यात ती इतकी जास्त असते की साधी जिवंत लस शरीरात रुजायच्या आधीच मारून टाकते. आणि उशीर केला तर आईचं संरक्षण संपतं आणि शेडमधला जंगली विषाणू लसीच्या आधी पोचतो. म्हणून आपल्याकडे पाण्यातून द्यायची गंबोरोची लस सहसा १२ ते १४ व्या दिवशी आणि बूस्टर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठेवतात. मोठे फार्मवाले तर काही पिल्लांचं रक्त तपासून दिवस ठरवतात. हॅचरीतच टोचायच्या वेगळ्या लसी असतात, त्या पहिल्या दिवशी चालतात, पण मग त्या लसीचं नाव हॅचरीच्या कागदावर असायला हवं. माझ्या पिल्लांचा आणखी एक घोळ होता, तो नंतर कळला: ती एका कळपाची नव्हतीच, तीन-चार ठिकाणची गोळा केलेली होती. प्रत्येकाच्या आईची ताकद वेगळी, म्हणजे प्रत्येकाचा योग्य दिवसही वेगळा. अशा मिसळीला तर दुसऱ्या डोसशिवाय भागतच नाही.

१२ जूनच्या संध्याकाळी काही पिल्लं पिसं फुलवून शेगडीखाली बसलेली दिसली. पांढरी पातळ विष्ठा मागे चिकटलेली, आणि काही स्वतःचीच गुदद्वाराची जागा टोचत होती. १३ तारखेला ९ मेली. १४ ला ४७. १५ ला ११८. मी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘तुमच्या शेडात गॅस झालाय, तूस ओलं आहे.’’ आणि दुपारी ४,८५० ची औषधं माणसाबरोबर पाठवली: एक अँटिबायोटिक, एक सल्फाची पावडर, एक ‘पॉवर’ टॉनिक. पैसे आधी घेतले. मी दिले, कारण समोर पिल्लं मरत होती आणि दुसरं कोणी फोन उचलत नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात १४ लाच गेलो होतो. डॉक्टर दुसऱ्या गावच्या चार्जवर. शिपाई म्हणाला, मेलेले पक्षी ठेवून जा. जूनच्या उकाड्यात, फ्रीज नाही, ठेवून जा. दुसऱ्या दिवशी गेलो तर पिशवी तिथेच, वास सुटलेला, आणि सांगण्यात आलं की कुजलेल्या पक्ष्याचं शवविच्छेदन होत नाही. ते खरंच आहे. पण कुजवले कोणी?

शेवटी चाळीस किलोमीटरवरून एक खासगी डॉक्टर आले. त्यांनी आधीची मेलेली बाजूला सारली. नुकती मेलेली तीन आणि मरणाला टेकलेली दोन घेतली आणि खाद्याच्या रिकाम्या गोणीवर कापायला बसले. मांडीची कातडी सोलल्याबरोबर स्नायूवर लाल रेघोट्या दिसल्या. मूत्रपिंडं सुजलेली, फिकट. मग त्यांनी आतडं उचलून शेवटच्या टोकाला, गुदद्वाराच्या वरच्या अंगाला असलेली एक गोळी दाखवली. ती बर्सा. पक्ष्याची प्रतिकारशक्ती जिथे तयार होते ती पिशवी. निरोगी पिल्लात ती पांढरट आणि घट्ट असते. इथे पहिल्या पिल्लात ती दुपटीने फुगलेली, आणि बाहेरून पिवळसर जेलीचं आवरण. मध्ये कापली तर आतल्या घड्यांवर रक्ताचे ठिपके. चौथ्या पिल्लात ती पिकलेल्या जांभळासारखी झाली होती, सगळी रक्ताने भरलेली. ‘‘दादा, हा गंबोरो,’’ ते म्हणाले. ‘‘गॅसने बर्सा असा होत नाही.’’

सल्फाची पावडर बघून ते चिडले. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे तर आहेच, पण मूत्रपिंडं आधीच खराब झालेली असताना सल्फा म्हणजे वरून आणखी भार. ती तेव्हाच बंद केली. पाण्यात इलेक्ट्रोलाइट आणि गूळ, कोरडं तूस, ऊब. एवढंच हातात असतं.

१६ ला ८४, १७ ला ३१, १८ ला ११, १९ ला ३. अशी झपाट्याने चढून आठवड्यात उतरणारी मरतूक हीसुद्धा गंबोरोचीच खूण, असं डॉक्टर म्हणाले. व्यापाऱ्याने मात्र ती उतरल्याबरोबर सांगायला सुरुवात केली की त्याच्या औषधाने गुण आला.

२२ तारखेला आणखी एक मेलं, ते डॉक्टरांनी मुद्दाम उघडायला लावलं. त्यातली बर्सा करडी आणि चुरमुऱ्यासारखी आकसलेली होती. फुगवटा चार-पाच दिवसच टिकतो, आठवडाभरात ती मूळच्या एक तृतीयांशावर येते. म्हणून सांगतो, उशिरा मेलेलं एकच पक्षी कापून ‘बर्सा सुजलेली नाही’ असा निष्कर्ष कोणी काढत असेल तर मान्य करू नका. मरतूक चढत असतानाच, ताजे, चार-पाच पक्षी उघडायला लावा. न्यायचे असतील तर बर्फाच्या डब्यात न्या, फ्रीजरमध्ये गोठवू नका. आणि कापताना प्रत्येक बर्साचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. मी फक्त दोनच काढले, तेही अंधुक.

व्यापाऱ्याचं दुसरं म्हणणं, ‘‘विषाणू तुमच्या शेडातला.’’ तुसात आणि मातीत हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे जुन्या शेडवाल्याचं तोंड या वाक्याने बंद होतं. पण माझं शेड कोरं होतं. त्यात याआधी एक पक्षी शिरला नव्हता. लागण झाल्यापासून दोन-तीन दिवसांत लक्षणं दिसतात, आणि माझ्याकडे पिल्लं आली ९ च्या रात्री, मलूल दिसली १२ ला. पिल्लांतून आला असेल नाहीतर त्याच्या न धुतलेल्या क्रेटमधून. दोन्ही त्याचंच.

पोलिसांत गेलो. ‘‘दिवाणी आहे, बिल आणा.’’ बिल नाही, पैसे त्याच्या पुतण्याच्या खात्यावर गेलेले. ‘‘मग पुतण्यावर करायची का तक्रार?’’ असं हसून विचारलं. पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे गेलो तर ते म्हणाले, आजाराने मेलेल्या कोंबड्या नैसर्गिक आपत्तीत बसत नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांची गाठ पडली ती २५ ला. त्यांनी लेखी अहवालासाठी पक्षी मागितले. मेलेले सगळे चुन्यात पुरलेले होते, कारण पुरा असं त्यांच्याच माणसाने सांगितलं होतं. बर्साचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवता येतो हे तेव्हा एकानेही सांगितलं नाही. पन्नास रुपयांच्या बाटलीत माझा पुरावा राहिला असता. मी दाखल्यासाठी चार खेपा घातल्या, प्रत्येक वेळी कर्मचारी वेगळा, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. एकाने तर म्हटलं, ‘‘कोंबड्यांचं काय एवढं मनावर घेता?’’ गहाण ठेवलेल्या पाटल्यांचं मी त्यांना काय सांगणार होतो?

ग्राहक आयोगाचं वकिलांनी आधी ‘व्यापारी हेतू’ म्हणून झटकलं. पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून केलेली खरेदी त्यातून वगळली आहे. हे मी स्वतः वाचून त्यांना दाखवलं, तेव्हा त्यांनी अर्ज लिहायला घेतला. तुम्हालाही कोणी तसं म्हणालं तर तिथेच थांबू नका.

एक गोष्ट मला सिद्ध करता येत नाही, हे मान्य करतो. बर्सा बघून रोग कळतो, लस दिली होती की नव्हती ते कळत नाही. चुकीच्या दिवशी दिली असती तरी हेच झालं असतं. म्हणूनच पैसे देण्याआधीचा कागद महत्त्वाचा: लसीचं नाव, बॅच नंबर, दिलेली तारीख, हॅचरीचं नाव, आणि ज्याच्या खात्यावर पैसे जाणार त्याचीच सही. शक्य असेल तर १२ दिवसांच्या आतली पिल्लं घ्या आणि गंबोरो स्वतः द्या. बर्फातून आणलेली लस, क्लोरीन नसलेलं पाणी, त्यात स्किम दूध पावडर, आधी तास-दीड तास पिल्लं तहानलेली, आणि दोन तासांत पाणी संपलेलं.

वाचलेल्या ४९६ ना पस्तिसाव्या दिवशी मीच लासोटा दिली. पाच आठवड्यांनी त्यातली काही मान वाकडी करून गोल फिरू लागली, हिरवी हगवण सुरू झाली. राणीखेत. १६२ गेली. बर्सा जळालेली असली की पुढची लसही नीट धरत नाही, असं डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं होतं. आज शेडात ३३४ आहेत.

परवा गावातल्या एका पोराने मला मोबाइल दाखवला. तोही तयार पिल्लं घेणार होता, १०,००० आगाऊ मागितले होते. कार्डाचा फोटो होता. तारीख नवी, अक्षर तेच, पाचवा दिवस लासोटा आणि गंबोरो, बॅच नंबरचा रकाना रिकामा. त्याने पैसे पाठवलेले नाहीत.