नऊ महिने टिंटेड सनस्क्रीन आणि अ‍ॅझेलेइक जेल: वांग आणि काळे डाग, वापरानंतरचा अनुभव

आधी सांगते की गोरं होण्यासाठी काही शोधत असाल तर हे वाचून उपयोग नाही. मी गव्हाळ होते आणि अजून गव्हाळच आहे. गेल्या ऑगस्टपासून मी चेहऱ्याला दोनच गोष्टी लावते: सकाळी टिंटेड सनस्क्रीन आणि रात्री १५ टक्के अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडचं जेल. त्यांनी काय झालं आणि काय झालं नाही, तेवढंच लिहिते.

माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर दोन वर्षांपूर्वी तपकिरी पट्टे दिसू लागले. आई म्हणाली, "आपल्या घरात सगळ्यांनाच येतं गं, आपली कातडीच तशी." पार्लरवाल्या ताईंचंही तेच म्हणणं, फक्त त्यांनी वर ब्लीच सुचवलं. मग घराजवळच्या केमिस्टने एक क्रीम दिलं, चिठ्ठी वगैरे न विचारता. दहा दिवसांत चेहरा उजळला आणि मी खूश. पाच महिने लावलं. थांबवलं की चेहरा लाल व्हायचा, आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायचं. शेवटी एकदाचं बंद केलं तेव्हा हनुवटीवर आणि जबड्यावर मुरमांचं पीक आलं आणि प्रत्येक मुरूम जाताना एकेक काळा ठिपका ठेवून गेला. ट्यूबवरची बारीक अक्षरं मी तेव्हा कुठे वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन. शेवटचं नाव स्टिरॉइडचं.

त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी चेहऱ्याआधी माझा दंड बघितला, आतल्या बाजूचा, जिथे ऊन कधी लागत नाही. म्हणाल्या, "तुमचा रंग हा. यापेक्षा गडद जे चेहऱ्यावर आहे तो आजार, आणि आपलं काम फक्त तेवढंच उतरवायचं." मी आईचं वाक्य त्यांना ऐकवलं. त्या हसल्या. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि आपल्यात साधारण सारख्याच संख्येने असतात. आपल्याकडे त्या पेशी जे कण बनवतात ते मोठे आणि सुटेसुटे असतात, म्हणून आपण सावळे. तो झाला रंग, आणि तो अंगभर असतो. वांग म्हणजे गालांवरच्या त्याच पेशी ऊन आणि हार्मोन्समुळे चिथावल्यासारख्या जादा काम करतात. सावळ्या त्वचेत त्या लवकर चिथावल्या जातात हे खरं, घराण्यात कल असतो हेही खरं. पण माझ्या आतेबहिणीला, जी चांगली गोरीपान आहे, दुसऱ्या बाळंतपणात तस्सेच पट्टे आले होते.

घरी आल्यावर मला आणखी एक गोष्ट सुचली. 'वांग' हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होता. आयुर्वेदात 'व्यंग' म्हणतात. सगळेच सावळे असलेल्या मुलखात त्या डागाला वेगळं नाव ठेवावं लागलं, म्हणजे तो अंगाच्या रंगात कुणी धरतच नव्हतं.

तर माझ्या चेहऱ्यावर दोन वेगळे प्रकार होते. गालांवरचं वांग दोन्हीकडे सारखं, जणू आरशात पाहून काढलेलं. हनुवटीवरचे डाग मात्र जिथे मुरूम आला तिथेच आणि तेवढेच. दाह झाला की पेशी रंगद्रव्य जास्त ओततात, दाह शमला तरी ते मागे राहतं. ते त्वचेच्या वरच्या थरात असेल तर तपकिरी दिसतं आणि काही महिन्यांत उतरतं. खाली झिरपलं तर राखाडी-निळसर दिसतं आणि वर्षं काढतं. माझे तपकिरी होते.

पहिले सहा आठवडे सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर, बाकी काहीही नाही. स्टिरॉइडने बिघडलेली त्वचा आधी शांत व्हायला हवी होती, नाहीतर नवं औषध चुरचुरलं असतं आणि त्या दाहाने नवे डाग पडले असते. मग जेल एक रात्र सोडून एक, वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला. पहिले दोन आठवडे खाज आली, मग सवय झाली. मी दोन वर्षं गर्भनिरोधक गोळी घेत होते, ती स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून बंद केली आणि कॉपर-टी बसवली. गोळी थांबवल्याने वांग गेलं नाही, पण आगीत तेल ओतणं थांबलं.

आता सनस्क्रीन. आपल्या त्वचेचं वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं, आणि साधं सनस्क्रीन तो उजेड जवळजवळ अडवत नाही. खिडकीची काचही नाही, आणि माझं फोर्टमधलं टेबल नेमकं खिडकीला लागून. उजेड अडवतं ते टिंटमधलं आयर्न ऑक्साइड. डब्यावर ते नाव किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ यांपैकी आकडे शोधा. नुसतं 'टिंटेड' लिहिलेलं पुरेसं नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लागतं, दुपारी जेवणानंतर पुन्हा. या मापाने पन्नास ग्रॅमची ट्यूब पाच आठवडे पुरते. नऊ महिन्यांत माझ्या आठ संपल्या. कुणाची ट्यूब चार महिने चालत असेल तर ती लावतच नाहीये, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

डिसेंबरपर्यंत हनुवटीचे डाग जवळजवळ गेले. गालांवरचं वांग मार्चपर्यंत निम्म्याने फिकं झालं. हे मी दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी, सकाळी आठला काढलेल्या फोटोंवरून सांगते; आरशावर विश्वास ठेवू नका, तो रोज वेगळं सांगतो.

एप्रिलच्या शेवटी रत्नागिरीला चुलतभावाचं लग्न होतं. ट्यूब मुलुंडलाच राहिली. तीन दिवस नवऱ्याचं साधं पांढरं सनस्क्रीन लावलं, एसपीएफ ५० चं, आणि अंगणात हळदीपासून वरातीपर्यंत सगळं केलं. मेच्या फोटोत गाल फेब्रुवारीइतके काळे. ऊनही खूप होतं, सगळा दोष त्या ट्यूबच्या माथी मारत नाही. पण हनुवटी साफच होती. तिथला दाह कधीच संपला होता. वांगातल्या पेशी मात्र नुसत्या शांत झाल्या होत्या, बऱ्या झालेल्या नव्हत्या. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

जेलबद्दल तक्रार नाही. सनस्क्रीनला पाचपैकी साडेतीन. लोकलच्या घामात ते कपाळावरून ओघळतं, पांढऱ्या ओढणीला तांबूस डाग पडतात (भांड्याच्या साबणाने निघतात, लगेच धुतलं तर), आणि शेड फक्त दोन: एक माझ्यापेक्षा गोरी, एक गुलाबी. मी दोन्ही तळहातावर मिसळून लावते. वरच्या ओठाला वॅक्स बंद केलंय, त्याने दाह व्हायचा. आता दोरा, तोही महिन्यातून एकदा.