एकच अबोल मुलगी, तीन उत्तरं

व्यक्तिमत्त्वाचे तीन दृष्टिकोन समजून घ्यायला वर्गात कधीच न बोलणारी मुलगी उदाहरणाला घ्या. गुणविशेष दृष्टिकोन तिला मोजतो: मानसशास्त्रज्ञ कॅटेलच्या 16 व्यक्तिमत्त्व-घटकांपैकी सामाजिक धीटपणात तिचे गुण कमी. मापन पक्कं, पण ती अशी का झाली, हे त्यातून फारसं कळत नाही.

फ्रॉइडला तेच हवं असतं. त्याच्या मते पराहम्, म्हणजे मनातला नैतिक पहारेकरी, कठोर असल्याने चुकण्याची भीती अबोध मनात दडपली गेली. स्पष्टीकरण खोल आहे खरं, पण उद्या ती घडाघडा बोलली तरी तेही याच चौकटीत बसवता येतं. म्हणून पडताळणी अवघड. परीक्षेत टीकेचे गुण (माझ्या मते) इथेच मिळतात.

मानवतावादी मानसशास्त्रज्ञ रॉजर्स म्हणेल, ‘पहिली आलीस तरच लाडकी’ अशा अटींमुळे तिची स्व-प्रतिमा आणि प्रत्यक्ष अनुभव यांत फट पडली. विनाअट स्वीकार मिळाला, तर ही फट भरून निघू शकते.