टेम्पोच्या विमा कंपनीला लिहिलेलं भरपाईचं पत्र: वापरून झाल्यावरचा अनुभव

अपघातानंतर समोरच्या गाडीच्या विमा कंपनीला भरपाईचं पत्र लिहावं का, याबद्दल लोक दोन टोकांचं सांगतात. एक म्हणतो, पत्र टाक, चेक घरी येतो. दुसरा म्हणतो, कागद वाया घालवू नकोस, थेट वकील गाठ. मी पत्र लिहिलं, पुढे कोर्टातही गेलो, आणि माझं मत दोघांशी जुळत नाही. नुसत्या पत्रावर पैसे मिळत नाहीत. पण नीट लिहिलेलं पत्र पुढे महिनोनमहिने कामाला येतं.

आधी थोडक्यात प्रसंग. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये संध्याकाळी सुट्टी झाल्यावर सांगली–मिरज रस्त्यानं येत होतो. दुभाजकाच्या फटीतून टेम्पो आडवा वळला. उजव्या पायाची नडगी मोडली, मिरजेत ऑपरेशन करून आत रॉड टाकला. चार महिने घरी. मार्चमध्ये कामावर परतलो आणि एप्रिलमध्ये पत्र पाठवलं. तोवर बिलं येत होती, त्यामुळे आकडा पक्का झाला नव्हता.

टेम्पोवाल्यानं विम्याचे कागद दाखवायला टाळाटाळ केली, पण तेवढ्यानं अडत नाही. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की विमा कंपनीचं नाव आणि मुदत दिसते. पॉलिसीची प्रत पोलिसांकडच्या कागदांत मिळाली.

पत्राचा पहिला परिच्छेद चार ओळींचा होता: तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, गुन्हा नंबर, लावलेली कलमं (भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ ब) आणि हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलेल्या केसचा म्हणजे एमएलसी नंबर. माझी चूक नव्हती, मुलं लहान आहेत, असलं काही नाही. या चार ओळी तीन कागदांशी जुळायला हव्यात: फिर्याद, पंचनामा आणि दाखल होतानाचा केसपेपर. केसपेपरवर घाईत ‘गाडीवरून पडल्याने’ असं लिहिलेलं असतं, आणि कंपनीचा तपासनीस नेमका तोच कागद शोधतो. तसं असेल तर टेम्पोचा संबंधच नाही, असं म्हणायला त्याला जागा मिळते. माझ्या केसपेपरवर टेम्पोची धडक लिहिलेली होती, कारण दाजी दाखल करताना डॉक्टरांच्या शेजारी उभे होते.

हे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, एका साखर कारखान्याच्या अकाउंटला आहेत. बिलांचा तक्ता त्यांचा. मी सगळी बिलं तारखेनं लावून ठेवली होती. ते म्हणाले, “तारखेनं लावू नकोस. वाचणारा खर्चाच्या प्रकारानं कापतो, तू प्रकारानं लाव.” मग हॉस्पिटल एकीकडे, बाहेरच्या मेडिकलची औषधं दुसरीकडे, तपासण्या, फिजिओथेरपी आणि वॉकर तिसरीकडे, प्रवास आणि सोबतीचा माणूस चौथीकडे. प्रत्येक बिलावर लाल पेनानं क्रमांक, तोच क्रमांक तक्त्यात. आकडे असे झाले: हॉस्पिटल १,४२,६००, औषधं १८,३५०, तपासण्या वगैरे १७,३५०, प्रवास आणि सोबत १९,२००. एकूण १,९७,५०० रुपये.

औषधांच्या बिलांबद्दल दोन गोष्टी सांगतो. मेडिकलची छापील बिलं ज्या कागदावर येतात, त्यावरची शाई काही महिन्यांत उडते. बिल हातात पडल्याच्या आठवड्यातच झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचून ठेवावी. दुसरं, बिलावर पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव हवं, आणि त्या औषधाची चिठ्ठी सोबत हवी. चिठ्ठी नसलेली ३,१५० रुपयांची बिलं कंपनीनं पहिल्याच झटक्यात बाहेर काढली, आणि ती शेवटपर्यंत परत आत आली नाहीत.

पगाराचा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तोच सगळ्यात उपयोगी पडला. माझा एकूण पगार २७,२००, हातात येतात २५,२००. फरकात १,८०० पीएफ आणि २०० व्यवसाय कर. बहुतेक जण हातात येणारा आकडा धरतात. पण पीएफ ही आपलीच बचत आहे, ती नुकसानीतून वजा होत नाही. वजा होतो तो कर. म्हणून महिन्याचं नुकसान २७,०००, चार महिन्यांचं १,०८,०००. मालकांकडून दाखला घेतला, पण नुसता दाखला नाही. त्यात पगारपत्रकं, त्या चार महिन्यांच्या हजेरीचा उतारा, आणि पगार जमा न झाल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंट. दाखला कोणीही लिहून देतो, हे कंपनीलाही माहीत असतं. बँकेतला रिकामा महिना मात्र कोणाला लिहून देता येत नाही. तपासनीस पुढे आमच्या कारखान्यात जाऊन हजेरी बघून आला, तेव्हा त्याला सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

दोन बारकावे. पहिले अठरा दिवस माझी साठलेली पगारी रजा गेली, म्हणजे त्या दिवसांचा पगार मिळाला. तरी मी ते दिवस धरले आणि पत्रात लिहिलं: ‘सदर रजा ही माझी कमाई असून ती अपघातामुळे खर्ची पडली. अपघात झाला नसता तर ती माझ्या खाती शिल्लक राहिली असती.’ दुसरा बारकावा ओव्हरटाइमचा. अपघाताआधीच्या सहा महिन्यांची सरासरी काढली, महिना २,५०० निघाली, चार महिन्यांचे १०,०००. सगळं मिळून मागणी ३,१५,५०० रुपयांची झाली.

पत्राच्या शेवटी वकीलबाईंनी एक वाक्य घालायला लावलं, आणि माझ्या मते सगळ्या पत्रात ते सगळ्यात किमती ठरलं: ‘ही मागणी आजवरच्या प्रत्यक्ष खर्चापुरती आणि बुडालेल्या पगारापुरती आहे. रॉड काढण्याचं पुढचं ऑपरेशन, कायमचं अपंगत्व आणि वेदनांपोटीची भरपाई यांचा हक्क राखून ठेवत आहे.’ हे वाक्य नसतं, तर पुढे कंपनीला म्हणता आलं असतं, की यांनीच एवढे मागितले होते.

आता पत्राची मर्यादा. कंपनीच्या ऑफिसात पोच मिळाली, शिक्का मिळाला, आणि टेबलामागच्या साहेबांनी सरळ सांगितलं, “थर्ड पार्टीचं आहे, ट्रिब्युनलमधून या.” त्यांचं चूक नव्हतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम आणि दुसऱ्याच्या गाडीनं केलेल्या इजेचा क्लेम यांचे रस्ते वेगळे. इजेचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो. मोटार वाहन कायद्यातल्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या बदलानुसार कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानं तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असतो, पण तोही न्यायाधिकरणासमोरच. आणि दावा दाखल करायला कायद्यात अपघातापासून सहा महिने आहेत. पत्राला उत्तर येईल म्हणून वाट बघत बसलं, तर ते सहा महिने थांबत नाहीत. व्याजही पत्राच्या तारखेपासून धरलं जात नाही, दाव्यापासून धरतात. म्हणून पत्राची पोच मिळाली त्याच महिन्यात विजयनगरच्या कोर्टात दावा गेला. दाव्याला वकीलबाईंनी पत्राचाच तक्ता जोडला, नव्यानं काही लिहावं लागलं नाही.

पावसाळ्यात प्रस्ताव आला: १,७४,९५० रुपये. आमच्या मागणीपेक्षा १,४०,५५० कमी. तक्ता प्रकारानं लावल्याचा फायदा इथं कळला, कारण कुठं किती कापलं ते दाजींनी एका बैठकीत शोधलं. चिठ्ठीविना औषधं ३,१५०. प्रवास आणि सोबत यांतले ११,२००. रजेचे १६,२००. ओव्हरटाइमचे १०,०००. आणि सगळ्यात मोठी कात्री एक लाखाची: तेवढं बिल आमच्या कारखान्याच्या ग्रुप मेडिक्लेममधून भरलं होतं, म्हणून ते तुमच्या खिशातून गेलंच नाही, असं कंपनीचं म्हणणं.

हा लाख परत आला तो मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाच्या निकालामुळे. मार्च २०२५ मध्येच त्यांनी ठरवलं, की मेडिक्लेमचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाहीत. मेडिक्लेम हा प्रीमियम भरून घेतलेला वेगळा करार आहे, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा? कंपनीनं मग प्रीमियम मालक भरतात असा मुद्दा काढला. माझ्या पगारपत्रकांत मेडिक्लेमची कपात दिसत होती, आणि ती पत्रकं आधीच जोडलेली होती. वाद तिथंच संपला. अर्थात हॉस्पिटलचं मूळ बिल मेडिक्लेमवाल्यांकडे जातं, त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशीच पूर्ण रकमेच्या बिलाची शिक्का मारलेली प्रत मागून घ्यावी. माझ्याकडे ती होती.

रजा आणि ओव्हरटाइम दोन्ही कंपनीनं मानलं, ओव्हरटाइम बँकेतल्या नोंदींमुळे. सोबतीच्या माणसाचं जमलं नाही. साध्या कागदावर सही घेतलेल्या पावत्या होत्या. त्याला ऑनलाइन पैसे पाठवले असते तर बरं, पण त्याला रोख हवे होते आणि मला आधाराची गरज होती. प्रवास आणि सोबत मिळून ८,००० वर गाडी अडली. सुधारलेला आकडा ३,०१,१५० झाला.

राखून ठेवलेला भाग नंतर आला. सर्जननी रॉड काढण्याच्या खर्चाचं लेखी अंदाजपत्रक दिलं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या बोर्डाकडून पायाच्या अपंगत्वाचा दाखला घेतला, बारा टक्के. इथं अपेक्षा आवरती ठेवावी. पायाचं बारा टक्के म्हणजे कमाईचं बारा टक्के नुकसान नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. माझी नोकरी तीच, पगार तोच. मी दिवसभर उभं राहून काम करणारा ऑपरेटर असतो तर हिशोब वेगळा झाला असता. त्यामुळे या सगळ्यापोटी, वेदनांसकट, ठोक रक्कम ठरली.

डिसेंबरच्या लोकअदालतीत एकूण ४,६०,००० वर तडजोड झाली. दावा पुढे चालवला असता तर मालकांना साक्षीला यावं लागलं असतं, पगाराचा दाखला नुसता जोडून सिद्ध होत नाही, आणि वर्षं किती लागली असती कोणास ठाऊक. पैसे जानेवारीत खात्यात आले. चालकाचा फौजदारी खटला वेगळा आहे, तो अजून सुरू आहे.

आमच्या शॉपमधल्या एकाला परवा मणेराजुरीजवळ जीपनं उडवलं. त्याच्या बायकोनं माझ्या पत्राची प्रत मागितली. मी दिली, पण त्यात एक रकाना वाढवून: प्रत्येक खर्चासमोर ‘पैसे कसे दिले’.