जाहिरात थांबवायला आधी पोस्ट डिलीट करू नका

इन्स्टाग्रामवर पैसे देऊन चालवलेली जाहिरात मध्येच थांबवायची वेळ आली आणि ती चालवणारा माणूस म्हणाला, "आधी पोस्ट डिलीट करा, उरलेले पैसे कंपनी परत करते," तर त्याचं ऐकू नका. माझ्या वहिनींचे पैसे याच वाक्यावर अडकले. नागपुरात घरगुती धंदा करणाऱ्या बायका दिवाळी-संक्रांतीला अशाच माणसांकडे जातात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

वहिनी नंदनवनला घरूनच सावजी मसाला विकतात. भिवापुरी मिरची, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं स्वतः भाजून कुटतात. पाव किलोच्या पाकिटाचा भाव 180 रुपये. दिवाळीच्या आधी बर्डीवर छोटं ऑफिस थाटून बसलेल्या एका माणसाला त्यांनी यूपीआयने 12,000 रुपये दिले. त्यातले 10,000 जाहिरातीचे आणि 2,000 त्याची मजुरी. "रोज 1,000 रुपये, दहा दिवस, सोमवारपासून चालू," असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं. वहिनींनी त्याला आपल्या पेजचा ताबा दिला, पण जाहिरात त्याने स्वतःच्या जाहिरात खात्यातून चालवली. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे घडलं.

शुक्रवारी मानेवाड्यापासून कामठीपर्यंतचे लोक फोन करून 80 रुपयांनी पाकीट मागू लागले. वहिनींना दाखवायला पाठवलेल्या चित्रात भाव 180 होता, पोस्ट केलेल्या चित्रात त्याने 80 टाकला होता. "भाऊजी, ऐंशीत तर नुसती मिरचीबी येत नाही," वहिनी मला म्हणाल्या. इन्स्टाग्रामवर एकदा टाकलेलं चित्र बदलता येत नाही, त्यामुळे जाहिरात थांबवणं भागच होतं.

त्यांनी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. पोस्ट डिलीट करून टाका, जाहिरात आपोआप बंद होते. बाकीचे पैसे सात दिवसांत येऊन रायले. फक्त रिफंड काढायला 1,800 जीएसटी आगाऊ भरावा लागते." दहा हजारांवर अठरा टक्के म्हणजे बरोबर 1,800. जाहिरातीच्या बिलावर अठरा टक्के जीएसटी खरोखरच लागतो, त्यामुळे आकडा खरा वाटतो. वहिनींनी पैसे पाठवले आणि पोस्ट डिलीट केली. पुढच्या सोमवारी उत्तर आलं की दहाही हजार खर्च झाले, आणि पोस्ट तुम्हीच डिलीट केली म्हणून कंपनी आता काही देत नाही.

या उत्तरातली दोन्ही वाक्यं खोटी आहेत. का, ते नीट सांगतो.

जाहिरातीचं बजेट म्हणजे कंपनीला आधीच देऊन टाकलेली रक्कम नसते. ती खर्चाची मर्यादा असते. लोकांना जाहिरात जशी दाखवली जाते तसा खर्च चढत जातो. जाहिरात थांबवली की न झालेला खर्च लागतच नाही. खात्यात पैसे आधी भरलेले असले तर उरलेली रक्कम त्याच जाहिरात खात्यात शिल्लक दिसते. नंतर बिल येणारं खातं असेल तर झालेल्या खर्चापुरतंच बिल येतं. म्हणजे जाहिरात मध्येच थांबवली तर 'रिफंड' मागायची वेळच येत नाही. जे दाखवून झालं त्याचे पैसे मात्र परत येत नाहीत. पोस्ट डिलीट करा नाहीतर ठेवा, तो खर्च झालेला असतो. परत देण्यासाठी आधी जीएसटी भरा, असं कोणी म्हणालं तर तिथेच फसवणूक ओळखावी, कारण आपलेच पैसे परत मिळवायला आगाऊ कर भरावा लागत नाही.

शिवाय वहिनींनी कंपनीला एक रुपयाही दिलेला नव्हता. त्यांनी दिले ते त्या माणसाला. कंपनीचा व्यवहार त्याच्या खात्याशी, शिल्लक त्याच्या खात्यात, पावत्याही त्याच्याच नावाने. त्यामुळे "कंपनी तुम्हाला पैसे देईल" हे होणारच नव्हतं. उरलेले पैसे त्याच्याकडे होते आणि त्यानेच द्यायचे होते.

मग पोस्ट डिलीट करायला का लावली? खर्चाचा आकडा त्याच्या खात्यात होता, तो वहिनींना दिसत नव्हता. त्यांच्या हातात एवढंच होतं की आपल्या पोस्टच्या इनसाइट्समध्ये जाऊन ती किती लोकांपर्यंत पोचली आणि त्यातले किती जाहिरातीमुळे, ते बघायचं. पोस्ट गेली की तेही गेलं, आणि त्याचे दहा हजार खोटे ठरवायला समोर काही उरलं नाही. पोस्टखाली ज्यांनी आपला नंबर किंवा ऑर्डर लिहिली होती ती गिऱ्हाइकंही गेली, म्हणजे झालेल्या खर्चातून मिळालेलं तेवढंच फळ हातचं गेलं.

एक पुरावा मात्र वाचला. शुक्रवारी दुपारी मी दादाला जाहिरात दाखवायला म्हणून facebook.com/ads/library उघडलं होतं. इन्स्टाग्राम ज्या कंपनीचं आहे त्या मेटाची ही जाहिरात लायब्ररी सगळ्यांसाठी खुली आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. देश भारत निवडायचा, सगळ्या जाहिराती हा प्रकार निवडायचा आणि पेजचं नाव टाकायचं. त्या क्षणी चालू असलेल्या जाहिराती चित्रासकट दिसतात, प्रत्येकीचा आयडी असतो आणि "Started running on" म्हणून सुरू झाल्याची तारीख असते. आमच्या जाहिरातीवर तारीख गुरुवारची होती. सोमवारपासून चालू असल्याचं तो सांगत होता, ती गुरुवारी लागली होती. त्याचा स्क्रीनशॉट मी दादाला पाठवलेला होता. आपल्याकडे साधी जाहिरात बंद झाली की या लायब्ररीत दिसेनाशी होते, म्हणून चालू असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा लागतो.

आता हिशेब करा. जाहिरात गुरुवारी लागली, शुक्रवारी संध्याकाळी बंद झाली. रोजचं बजेट 1,000. मेटा एखाद्या दिवशी रोजच्या बजेटपेक्षा 75 टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करू शकते, म्हणजे दिवसाला 1,750. दोन्ही दिवशी तेवढाच कमाल खर्च धरला तरी 3,500 होतात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बजेट रोजचं 1,000 असेल तर दहा हजार दोन दिवसांत संपणं शक्य नाही. आणि बजेट त्याने वेगळं लावलं असेल तर लेखी ठरलेलं त्यानेच मोडलं.

वहिनींनी हिशेब मागितला तेव्हा त्याने एक कापलेला स्क्रीनशॉट पाठवला. त्यात "Amount spent" खाली दहा हजारांचा आकडा होता, पण वरचा तारखांचा भाग कापलेला, मोहिमेचं नाव नाही, खात्याचा क्रमांक नाही. असा आकडा कोणाच्याही जाहिरातीचा, कितीही दिवसांचा असू शकतो. खरा हिशेब असेल तर त्यात तारखांची मुदत, मोहिमेचं नाव आणि खात्याचा क्रमांक एकाच पडद्यावर दिसतात, आणि बिलिंगमधून प्रत्येक वसुलीची पावती पीडीएफमध्ये डाउनलोड करता येते. त्याने त्यातलं काहीच दिलं नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी जाहिरात थांबवा, पोस्टला हात लावू नका. जाहिरात तुमच्याच खात्यातून लावलेली असेल तर इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल डॅशबोर्डमध्ये जाहिरातींच्या जागी जाऊन ती पॉज करा. जाहिरात थांबवल्याने पोस्ट जात नाही, ती प्रोफाइलवर तशीच राहते. दुसऱ्याच्या खात्यातून असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी सांगा, "आत्ता थांबवा आणि आजपर्यंतचा खर्च दाखवा," आणि थोड्या वेळाने लायब्ररीत जाऊन ती खरंच गेली का ते बघा. मग इनसाइट्सचे स्क्रीनशॉट घ्या आणि कमेंटमधल्या लोकांना मेसेज करून योग्य भाव कळवा. पोस्ट लोकांना दिसू द्यायची नसेल तर अर्काइव्ह करा. ती लोकांना दिसेनाशी होते, पण लाइक-कमेंटसकट तुमच्याकडे राहते आणि हवी तेव्हा परत आणता येते. हिशेब पूर्ण मिटल्यावरच डिलीट करा. घाईत डिलीट झालीच असेल तर ती "Recently deleted" मध्ये 30 दिवसांपर्यंत सापडते, तिथून परत आणा. आम्हाला हे कळलं तोपर्यंत ती मुदत उलटून गेली होती.

आम्ही 1930 वर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. यूपीआय व्यवहारांचे क्रमांक, ते 1,800 मागणारा मेसेज, भावाची दोन्ही चित्रं आणि लायब्ररीचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. 1930 वर जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून सात दिवसांच्या वायद्याची वाट बघत बसू नका. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून तक्रार चालणार नाही असं आम्हाला एकाने सांगितलं, पण 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरत्या घेतलेल्या वस्तू व्यापारी कारणात धरलेल्या नाहीत, सेवेचा उल्लेख मात्र त्या सवलतीत नाही. घरून मसाला विकणाऱ्या बाईने घेतलेल्या सेवेला ही सवलत लागू पडेल का, ते आयोगच ठरवेल, पण पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी नाही.

तक्रारीचा क्रमांक पाठवल्यावर त्याने 1,800 परत केले. मागच्या आठवड्यात त्याचा निरोप आला की तक्रार मागे घ्या, आणखी चार हजार देतो. वहिनींनी नकार दिला. जाहिरात खात्याच्या पावत्या लावून दहा हजारांचा लेखी हिशेब दे आणि उरलेली रक्कम परत कर, एवढंच त्यांनी त्याला कळवलं आहे. ग्राहक आयोगासाठीचे कागद आम्ही जमवतो आहोत.