आई गेलेल्या बंगाली सहकाऱ्याला काय लिहावं: छापील शोकसंदेश की बोलण्यातली चार वाक्यं?

कोलकात्याच्या ऑफिसात काही वर्षं काढल्यावर हा प्रसंग माझ्यावर दोनदा आला. पहिल्यांदा मी छापील वळणाचा संदेश पाठवला, दुसऱ्यांदा बोलतो तसा लिहिला. दोन्ही इथे देवनागरीत देतो: पहिला मूळ शब्द ओळखू येतील असा, दुसरा उच्चाराच्या जवळ जाईल असा.

पहिला असा: "आपनार मातृवियोगेर संवादे आमि गभीरभावे शोकाहत. ताँर विदेही आत्मार चिरशान्ति कामना करि. शोकसन्तप्त परिवारके आन्तरिक समवेदना जानाइ."

मराठी माणसाला हा फार सोपा वाटतो, कारण जवळजवळ सगळे शब्द आपलेच आहेत. व्याकरणात चूक नाही, अपमान नाही. विभागप्रमुखांना लिहायचं असेल किंवा सगळ्या विभागाच्या वतीने मेल जायचा असेल, तर मी आजही हाच घेईन, फक्त 'आमि'च्या जागी 'आमरा' करून.

दुसरा असा: "माशिमार खबरटा पेलाम. की बोलबो, भाषा पाच्छि ना. तोमादेर बाड़िते कतो आदोर कोरे खाइयेछिलेन, शेइ दिनटा खूब मोने पोड़छे. ऑफिसेर चिन्ता कोरो ना, आमरा देखे नेबो. पाशे आछि."

मित्राच्या आईला तिकडे 'माशिमा', म्हणजे मावशी म्हणतात. तर अर्थ असा: मावशींची बातमी कळली, काय बोलावं सुचत नाही, तुमच्या घरी त्यांनी किती मायेने जेवू घातलं तो दिवस फार आठवतो, ऑफिसची काळजी करू नकोस, आम्ही बघू, सोबत आहे.

माझं मत फिरलं ते एका सर्वनामामुळे. तो सहकारी माझ्याहून वयाने मोठा. नावाला 'दा' जोडून मी त्याला रोज 'तुमि' म्हणायचो, आणि बंगालीत ते अगदी रीतसर आहे. 'तुमि' म्हणजे आपलं 'तू' नव्हे; त्याहून सलगीचं 'तुइ' वेगळं आहे. छापील संदेश मात्र 'आपनि'त, म्हणजे औपचारिक 'आपण'च्या वळणातच येतो. मी तो तसाच पाठवला आणि ज्या दिवशी त्याची आई गेली, नेमक्या त्याच दिवशी मी त्याला परका केला. उत्तर आलं 'धन्यवाद', एवढंच. नंतर मी 'आपनार'चं 'तोमार' करून पाहिलं, पण 'तोमार मातृवियोगेर संवादे' हे कानाला जुळतच नाही. पहिला शब्द घरातला आणि पुढचं सगळं वर्तमानपत्रातलं. दुसऱ्या वेळी बोलीत लिहिलं, तेव्हा त्या सहकाऱ्याने रात्री फोन केला आणि बराच वेळ आईबद्दल बोलत राहिला. दोन माणसांचे स्वभाव वेगळे असतील, हे मान्य. तरी मला फरक जाणवला.

छापील संदेशात आणखी एक नाजूक जागा आहे, 'ताँर'मधला चंद्रबिंदू. तो असला तर 'त्यांच्या', गळला तर आदर गेला. बंगाली लिपीत टाइप करताना तो सहज निसटतो. बोलीतल्या संदेशात हा शब्दच येत नाही. 'माशिमा' आणि 'खाइयेछिलेन'मधला शेवटचा 'एन' आदर सांभाळतात. वडील गेले असतील तर 'मेशोमोशाइ', म्हणजे मावशीचे यजमान, किंवा 'काकू' (बंगालीत काकू म्हणजे काका). कधी भेटच झाली नसेल तर सरळ 'तोमार मा', 'तोमार बाबा' म्हणावं आणि जेवणाची आठवण गाळावी. रचलेली आठवण लगेच कळते.

बोलीतही दोन खड्डे आहेत. 'आमि दुःखितो' लिहू नये. आपल्याला ते 'दुःख झालं' वाटतं, पण तिकडे माफी मागताना तसं म्हणतात. 'खूब खाराप लागछे' बरोबर. आणि 'ऑफिसेर चिन्ता'च्या जागी 'काजेर चिन्ता' नको. ज्या घरात मृत्यू झालाय तिथे 'काज' म्हणजे श्राद्ध. "काज कबे?" असा प्रश्न त्या दिवसांत नातेवाईक विचारतच असतात. 'काजाची चिंता करू नकोस, आम्ही बघू' असं मुलाला सांगणं फार विचित्र होईल.

सहकारी मुसलमान असेल तर 'विदेही आत्मार चिरशान्ति' हे वाक्य बाजूला ठेवून 'आल्लाह ताँके जान्नात नसीब कोरुन' लिहावं (इथे चंद्रबिंदू जपावाच लागतो), आणि ढाक्याकडचा असेल तर माशिमाऐवजी 'खालाम्मा' शोभतं. बोलीतला बाकी मजकूर तसाच चालतो.

म्हणून माझा सल्ला इतकाच: त्या माणसाला काल जे म्हणत होतात, तेच आज लिहा. 'आपनि' म्हणत असाल तर पहिला संदेश निर्धास्त पाठवा. 'तुमि' म्हणत असाल तर दुसरा, आणि श्राद्धानंतर 'नियमभंग', म्हणजे सुतकाचे नियम सोडण्याचा विधी होऊन तो कामावर परतला की समोर जाऊन एकदा "केमोन आछो?" विचारा.