छत एक, मेंब्रेन तीन: २२ महिन्यांनंतर जोडांबद्दल बोलतो

मी ज्या इमारतीची देखभाल बघतो तिचं छत सपाट आहे, साधारण ६०० चौरस मीटरचं, आणि तीन वेगवेगळ्या उंचीच्या भागांत विभागलेलं. जुनं डांबरी वॉटरप्रूफिंग जागोजागी फुगलं होतं, म्हणून एकपदरी मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारं एकाच थराचं शीट, घालायचं ठरलं. प्रत्येक भागाची अडचण निराळी होती, त्यामुळे शेवटी तीन भागांवर तीन जाती आल्या. मोठ्या सभागृहावर पांढरं टीपीओ, स्वयंपाकघरावर पीव्हीसी आणि मागच्या कमी वर्दळीच्या भागावर काळं ईपीडीएम. तिन्ही १.५ मिलिमीटर जाडीची. त्याला आता २२ महिने आणि दोन पावसाळे झाले.

आधीच सांगून टाकतो की आजपर्यंत एकही शीट मधोमध फाटलेलं नाही. जो काही त्रास झाला तो सगळा जोडांवर झाला. खरेदीच्या वेळी मी जाडी, रंग आणि हमीची वर्षं विचारत बसलो. विचारायचा प्रश्न वेगळाच होता, तो चौदाव्या महिन्यात कळला. त्याची हकीकत पुढे येते.

टीपीओ आणि पीव्हीसी ही उष्णतेनं मऊ होणारी प्लास्टिकं. दोन शीटांच्या कडा एकमेकींवर घ्यायच्या, मधे गरम हवा सोडायची, वरून रोलर फिरवायचा, की दोन्ही पदर वितळून एकजीव होतात. ईपीडीएम हे रबर. कारखान्यात ते एकदा व्हल्कनाइज झालं की पुन्हा वितळत नाही, कितीही तापवा. म्हणून त्याचा जोड चिकटपट्टीचा. हा फरक नुसता कामाच्या पद्धतीचा वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

वेल्डिंगच्या पहिल्याच दिवशी गडबड झाली. लांब रेषांसाठी ठेकेदाराकडे स्वतः चालणारं वेल्डिंग मशीन होतं, कोपऱ्यांसाठी हातातली हॉट एअर गन. मशीनला खालच्या मजल्यावरून लांबलचक एक्स्टेंशन केबल ओढली होती आणि त्याच बोर्डावर दुसरं एक यंत्रही लावलं होतं. व्होल्टेज पडलं. मशीनच्या पडद्यावर नेमलेलं तापमान दिसत होतं, पण हवेत तेवढी धग राहिली नव्हती. बाहेरून जोड अगदी गुळगुळीत दिसत होता. सुदैवानं सुरुवातीला एक नमुना पट्टी जोडून पूर्ण गार होऊ दिली आणि हातानं ओढून पाहिली. चांगल्या वेल्डमध्ये जोड सुटत नाही, शीटचा वरचा थर फाटतो आणि आतली विणलेली जाळी दिसते. आमच्या पट्टीचे दोन पदर कागदासारखे अलग झाले आणि आतले पृष्ठभाग तसेच चकचकीत राहिले. हाच थंड जोड. स्वतंत्र केबल आणली, पुन्हा नमुना काढला, मग काम पुढे गेलं. त्यानंतर रोज सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर नमुना काढायचा असा नियमच केला, कारण ऊन चढलं, ढग आले किंवा वारा सुटला तरी तेच तापमान आणि तोच वेग चालेलच असं नाही.

दुसरी तपासणी हुकाची. बोथट टोकाचा लोखंडी हुक जोडाच्या कडेवरून हलका दाब देत सरकवत न्यायचा. जिथे पोकळी आहे तिथे टोक आत शिरतं. ही तपासणी जोड गार झाल्यावरच करायची. गरम असताना चांगला जोडही उघडतो आणि आपणच केलेलं छिद्र दोष म्हणून मोजलं जातं. टीपीओच्या साधारण १८० मीटर जोडांत आम्हाला ११ ठिकाणं सापडली. त्यांतली आठ तीन पदर एकत्र येतात त्या जागी. तिथे मधल्या शीटच्या कडेमुळे पायरी होते आणि तिच्या कुशीत सुईएवढा बोगदा राहतो. पाण्याला तेवढं पुरतं. अशा प्रत्येक तिठ्यावर गोल पॅच वेल्ड करून घ्या, ठेकेदार “गरज नाही” म्हणाला तरी.

ईपीडीएमचं काम बघायला शांत होतं. ज्वाला नाही, यंत्र नाही. पण त्यातला संयम कुणी दाखवत नाही. शीट आधी उलगडून अर्धा तास मोकळं पडू द्यायचं, नाहीतर गुंडाळीतला ताण तसाच राहतो. जोडाच्या दोन्ही बाजूंची पांढरी भुकटी नीट पुसायची. ही भुकटी शीटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कारखान्यातच टाकलेली असते. मग दोन्ही बाजूंना प्रायमर, आणि तो सुकेपर्यंत थांबायचं. बोट लावल्यावर तार सुटता कामा नये. मग ७५ मिलिमीटर रुंदीची पट्टी, आणि रोलर जोर लावून, आधी आडवा मग उभा. संध्याकाळ व्हायला आली म्हणून आमच्या माणसांनी एका रांगेत प्रायमर ओला असतानाच पट्टी दाबली. आठव्या महिन्यात नेमक्या त्याच रांगेत दोन ठिकाणी कड उचलली गेली, माशानं तोंड उघडावं तशी. दुसरा जोड अजून घट्ट आहे. ईपीडीएमच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मोठी आहे. त्याची शीटं खूप रुंद मिळतात, त्यामुळे मागच्या भागावर मुळात जोडच फक्त दोन पडले. जो जोड नाही तो गळत नाही.

आता चौदाव्या महिन्याची गोष्ट. नवीन वायुवीजनाच्या नळ्या काढायच्या होत्या, तिन्ही भागांवर एकेक. म्हणजे चौदा महिने उन्हात राहिलेल्या शीटवर नवीन शीटचा तुकडा जोडायचा. पीव्हीसी कापडानं धुऊन, पुसून, सुकवून वेल्ड केलं. नमुना ओढला तर जाळी दिसली. ईपीडीएमवर साबणपाणी, मग क्लीनर, मग प्रायमर आणि पट्टी. वेळ लागला पण पकड पहिल्या दिवसासारखीच. टीपीओवर मात्र पहिला पॅच सालीसारखा निघाला. यंत्र तेच, माणूस तोच, तापमानही बरोबर. कारण पृष्ठभागात होतं. उन्हानं टीपीओच्या अगदी वरच्या थराचं ऑक्सिडेशन होतं, त्यावर धूळ बसते, आणि तो थर नव्या शीटशी मिसळत नाही. त्यासाठी जुन्या मेंब्रेनचं वेगळं क्लीनर येतं. ते लावून, कापड काळं यायचं थांबेपर्यंत घासलं, सुकू दिलं, वेल्डिंगचा वेगही थोडा कमी केला. तिसऱ्या नमुन्याला जाळी दिसली. विचारायचा प्रश्न हाच होता: हे शीट उन्हात म्हातारं झाल्यावर पुन्हा जोडता येईल का, आणि कशानं? छतावर कुणी ना कुणी नवीन भोक पाडणारच.

उन्हाबद्दल २२ महिन्यांच्या अनुभवावर मोठे दावे करणार नाही, पण तिघांची म्हातारी होण्याची तऱ्हा वेगळी आहे हे दिसायला लागलंय. ईपीडीएम काळं असतं ते त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे. ही काजळी अतिनील किरण स्वतःच गिळते आणि रबर वाचवते. म्हणून उन्हापुढे तिघांत ते सगळ्यात निबर. त्याची खोड आक्रसण्याची. कठड्याच्या पायथ्याशी ते भिंत आणि छत यांच्या कोनातून सुटून तंबूसारखं ताणलं जातं. आमच्याकडे एका बाजूला बोटभर पोकळी आली आहे, म्हणून तिथे पाय ठेवायला बंदी. आणि उन्हाळ्यात त्याच्यावर हात ठेवून दाखवा. खालच्या खोल्यांचे पंखे बिचारे गरम हवाच फिरवतात.

टीपीओचं मूळ प्लास्टिक उन्हापुढे दुबळं आहे. त्याला तारतात ते त्यात मिसळलेले स्थिरकारक, आणि ते हळूहळू खर्च होत जातात. उष्णता जितकी जास्त तितका खर्च वेगानं. म्हणून मी आता दोनच जागा भिंगातून बघतो: काचेच्या भिंतीवरून परावर्तित ऊन जिथे पडतं तो पट्टा, आणि शीट जिथे दुमडलं आहे त्या कडा. बारीक तडे सगळ्यात आधी तिथेच येतात. घेताना एकूण जाडीपेक्षा जाळीच्या वरचा थर किती जाड आहे ते विचारा, कारण ऊन तोच खातं.

पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला लवचिक ठेवतं ते प्लास्टिसायझर, आणि ते वर्षानुवर्षं उडत आणि झिरपत जातं. मग शीट ताठ होतं, आक्रसतं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जाळी नसलेली जुनी पीव्हीसी छतं थंडीत काचेसारखी तडकली होती. जाळीवालंच घ्या, त्यात काटकसर नको. शिवाय जुन्या डांबरावर ते थेट टाकू नका. डांबर प्लास्टिसायझर शोषून घेतं. आम्ही मधे जाड फ्लीस अंथरलं. थर्माकोलच्या इन्सुलेशनवरही मधे पडदा हवाच.

मग कुठे काय? स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टखाली पीव्हीसी टाकल्याचं मला समाधान आहे. तिथे तेलाची चिकट वाफ रोज बसते, आणि ईपीडीएमचं रबर तेलानं फुगतं, मऊ पडतं. मागच्या भागावर, जिथे कुणी जात नाही आणि रुंद शीट सरळ बसतं, तिथे ईपीडीएम पुन्हा घेईन, पण निचरा आधी नीट करून. पाऊस थांबल्यावर ४८ तासांनीही पाणी साचलेलं असेल तर आधी उतार सुधारायला हवा. निदान ५० ला १. आमची ती उचललेली रांग डबक्याच्या काठावरच होती, हा काही योगायोग नव्हे. टीपीओ सभागृहावर आहे तोवर राहील, पण ज्या छतावर दरवर्षी नवीन नळी, नवीन पाया, नवीन केबल येते तिथे आता मी पीव्हीसी सांगेन.

काम झालं तेव्हा प्रत्येक शीटचा हातभर तुकडा मी कपाटात अंधारात ठेवला होता. दर सहा महिन्यांनी तो काढतो आणि छतावर उघड्यावर ठेवलेल्या जुळ्या तुकड्याशेजारी दुमडून बघतो. ईपीडीएमच्या जोडीत अजून फरक करता येत नाही. पीव्हीसीचा छतावरचा तुकडा किंचित हट्टी झालाय. टीपीओचा दुमडतो पहिल्यासारखाच, फक्त बोटाला पांढरी पूड लागते.