सँगर सीक्वेन्सिंग: जेल वाचावं की रंगीत शिखरं?

सँगर सीक्वेन्सिंग म्हणजे डीएनएतल्या बेसांचा क्रम वाचणं; ते शिकवताना बडोद्यात एमएस्सीच्या मुलांना मी आधी जुनं जेलच वाचायला देते. डायडीऑक्सी न्यूक्लिओटाइडला ३′ टोकाशी हायड्रॉक्सिल नसतो, म्हणून तो जोडला गेला की डीएनएची नवी साखळी तिथंच थांबते. चार नळ्यांत चार वेगळे थांबे, म्हणून जेलवर चार रकाने. सगळ्यात छोटा तुकडा सगळ्यात खाली, त्यामुळे वाचायचं खालून वर. समजा पट्ट्या जी, ए, टी, टी, सी अशा चढल्या, तर नवी साखळी 5′-GATTC-3′. साचा मात्र याचा पूरक, म्हणजे 5′-GAATC-3′. पोरं हमखास इथंच अडखळतात. चारही रकान्यांत एकाच उंचीवर पट्टी दिसली, तर साखळी बांधणारं पॉलिमरेज तिथं स्वतःच अडखळलंय, तो बेस नव्हे.

कॅपिलरी यंत्रात चार बेसांच्या चार रंगांमुळे एकच नळी पुरते आणि अक्षरं यंत्रच लिहितं. रोजच्या कामाला हेच बरं. पण त्या अक्षरांवर डोळे मिटून विसंबू नका, आलेखातली रंगीत शिखरं बघा. सुरुवातीचे वीस-तीस बेस गिचमिड असतात, सातशे-आठशेच्या पुढे शिखरं पसरट होतात. स्वच्छ ओळीत एकाच जागी दोन शिखरं एकमेकांवर आली, तर जनुकाच्या दोन्ही प्रतींत तिथं फरक असू शकतो. सगळीकडेच दुहेरी दिसली, तर नमुन्यात भेसळ असू शकते.